पेशंट सारखा खाली घसरतो, वर ओढून ओढून कंबर गेली

"ताई, मी जीएनएम आहे, चार वर्षं मेल मेडिकल वॉर्डला. आमच्याकडे एक काका आहेत, वय ६२, वजन ८४ किलो, उजवी बाजू पूर्ण गेलीय, बोलणं बंद, राइल्स ट्यूबने फीड. फीडसाठी डोकं वर ठेवतो आणि दोन तासांत काका पार पायथ्याशी जातात. मग मी आणि मावशी दोन बाजूंनी काखेत हात घालून वर ओढतो, नाइटला पाच-सहा वेळा. परवा ओढताना कंबरेत कळ आली, अजून गेली नाही, बेल्ट लावून ड्युटी करतेय. आणि काल त्यांच्या माकडहाडाच्या वर फोड दिसला. मॅडम म्हणतात तू गुडघ्यात वाकत नाहीस आणि पोझिशन पण देत नसशील. मी दर दोन तासांनी देते हो. माझं नक्की काय चुकतंय?"
— एक स्टाफ नर्स

अगं, ज्या ओढण्याने तुझ्या कंबरेत कळ आली ना, त्याच ओढण्याने काकांना फोड आलाय. त्यामुळे दोन्हीचा इलाज एकाच जागी सापडेल. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, शेवटची अकरा इनचार्ज म्हणून, आणि तुझ्या मॅडम जे बोलल्या तेच मी पण माझ्या मुलींना कित्येकदा बोललेय, "गुडघ्यात वाका गं, पाठ सरळ ठेवा". माझी स्वतःची एल-फोर एल-फाइव्हची गादी सरकली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हा सल्ला बेडवरच्या पेशंटला लागूच पडत नाही.

बघ, गुडघ्यात वाकायचं हे जमिनीवरचं खोकं उचलायला ठीक आहे, खोकं पायांच्या मधे घेता येतं, छातीशी धरता येतं. काका बेडच्या मधोमध, तू बेडच्या कडेला, तुझ्या मांड्या बेडच्या पट्टीला टेकलेल्या, म्हणजे गुडघे पुढे न्यायला जागाच नाही, मग वाकते ती कंबर. वर हात लांब केलेले आणि ओढायचं डोक्याकडे, म्हणजे पाय एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, कंबरेला पीळ. मणक्यांमधल्या गादीला सगळ्यात वाईट काय असेल तर हेच, पुढे वाकलेलं असताना पीळ देऊन जोर लावणं. यात गुडघे कितीही वाकव, फरक पडत नाही.

आणि वजनाचा हिशेब कर. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचे थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये मांडलं होतं की पेशंट हाताने उचलायचा तर एका माणसाच्या वाट्याला ३५ पाउंडांपेक्षा, म्हणजे साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये, आणि तोही पेशंट शांत असेल, अंगाजवळ असेल, वाकावं-वळावं लागत नसेल तेव्हा. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या भागाइतका असतो, म्हणजे काकांचा नुसता उजवा पाय १४ किलोच्या आसपास. तो एकटा पाय धरून ठेवला तरी तू मर्यादेच्या जवळ गेलीस, आणि तुम्ही दोघी अख्खे काका ओढताय, तेही कॉटनच्या चादरीवर घासत. तुझं वाकणं अगदी पुस्तकातल्यासारखं असतं तरी ही कळ आज ना उद्या आलीच असती. म्हणून स्वतःला दोष देणं आधी बंद कर.

आता काकांच्या बाजूने बघ. एक हात टेबलावर पालथा ठेव, जरा दाबून, आणि मग तळवा चिकटलेलाच ठेवून मनगट पुढे ढकल. तळव्याची कातडी जागेवर राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, दिसतंय ना? काकांच्या माकडहाडावर दिवसभर हेच चाललंय. बेडचं डोकं वर केलं की शरीराचं वजन खाली ओढतं, हाड खाली सरकतं, कातडी मात्र चादरीला धरून वरच राहते, आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या, ज्या खालून सरळ वर कातडीकडे येतात, त्या तिरक्या होऊन पिळल्या जातात. याला आपण शिअर म्हणतो. नुसत्या दाबाने रक्तपुरवठा बंद व्हायला जेवढा दाब लागतो, शिअर असेल तर त्यापेक्षा कमी दाबात तो बंद होतो. मग तुम्ही काखेत हात घालून वर ओढता तेव्हा तेच उलट्या दिशेने, आणि वर घासणं वेगळं. तू दर दोन तासांनी पोझिशन देतेस यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण पोझिशन देण्याआधी प्रत्येक वेळी जर त्यांना चादरीवर फरफटत वर घेतलं जात असेल तर दोन तासांचा चार्ट पूर्ण भरूनही फोड येणार.

काखेतला हात तर आजपासून कायमचा बंद, तुझा, मावशींचा आणि काकांच्या मुलाचाही. उजवी बाजू गेलेल्या माणसाचा उजवा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो, नुसता लिगामेंटवर लटकलेला असतो, काखेतून ओढलं की सांधा खाली निसटतो आणि मग सहा महिने फिजिओ करूनही तो खांदा दुखत राहतो. काका बोलत नाहीत म्हणून दुखतंय हे तुला कळणार पण नाही. ओढताना चेहरा बघ, कपाळ आखडलं का ते बघ.

तर पहिलं काम, त्यांना घसरूच द्यायचं नाही. पाच-सहा वेळा ओढायचं कसं सोपं करू यापेक्षा ते दोन वेळांवर कसं आणू हा विचार आधी कर.

डोकं किती वर करता तुम्ही? माझा अंदाज ४५ च्या वर, कारण वॉर्डात सगळे डोळ्याच्या अंदाजाने हँडल फिरवतात आणि तो अंदाज बऱ्याचदा चुकतो. फीडला ३० ते ४५ अंश लागतो, आणि घसरणं आणि शिअर टाळायला ३० च्या वर जाऊ नये, म्हणजे दोन्हीला चालेल असा आकडा एकच, ३०. तो मोजायची सोपी युक्ती सांगते, बेडची पाठीची फळी जोडापासून वरच्या टोकापर्यंत मोज, समजा ती ७५ सेंमी भरली, तर तिचं वरचं टोक सपाट असतानापेक्षा बरोबर निम्मं, म्हणजे साडेसदतीस सेंमी वर आलं की ३० अंश झाले. त्या उंचीला बेडच्या मागे भिंतीवर किंवा स्टँडवर चिकटपट्टी लावून टाक, मग मावशी असो, मामा असो की नातेवाईक, सगळे पट्टीपर्यंतच हँडल फिरवतील. दर दोन तासांनी फीड असेल आणि प्रत्येक फीडनंतर तासभर ४५ वर, असं धरलं तर माणूस दिवसभर चढावरच बसलेला असतो, म्हणून डॉक्टरांना विचारून घे की ३० वर कायम ठेवलं तर चालेल का, आणि कफ किंवा उलटीमुळे ते ४५ च म्हणत असतील तर फीड चालू असताना आणि नंतर अर्धा ते एक तास तेवढं ठेवून परत ३० वर आणायचं.

दुसरं, आणि हे जवळजवळ कुणीच करत नाही, आधी गुडघ्याचं हँडल, मग डोक्याचं. फावलर बेडला दोन हँडलं असतात ना, ती उगाच नाहीत. गुडघ्याखालचा भाग आधी थोडा उचलला की मांड्यांना एक टेकू मिळतो आणि मग डोकं वर केलं तरी माणूस खाली निसटत नाही. खाली आणताना उलटं, आधी डोकं खाली मग गुडघे. तुमचा बेड सेमी-फावलर असेल, गुडघ्याचं हँडल नसेलच, तर घडी केलेलं ब्लँकेट मांड्यांखाली दे, नुसतं गुडघ्याच्या खोबणीत उशी खुपसू नको, तिथली शीर दबते.

तिसरं, डोकं वर करण्याआधी काकांचं कंबरेचं हाड बेडच्या जोडावर आहे ना ते बघ. ते वीतभर खाली असतील तर बेड त्यांच्या कंबरेत न वाकता बरगड्यांत वाकतो आणि फळी त्यांना वरून खाली ढकलते. मग तुम्ही म्हणता आत्ताच तर वर घेतलं होतं, परत कसे गेले. म्हणून वर घेताना "उशीपर्यंत आले का" असं न बघता "कंबर जोडावर आली का" असं बघायचं.

आणि डोकं वर करून झालं की एक शेवटची गोष्ट, काकांना खांद्यामागून आधार देऊन गादीपासून क्षणभर पुढे झुकव आणि परत टेकव, तेही नाही जमलं तर सपाट हात पाठीमागे गादी आणि पाठीच्या मधून वरपासून खालपर्यंत एकदा फिरव. वर करताना कातडी जी ताणून चिकटून बसते ती सुटते. दहा सेकंदांचं काम आहे. हात फिरवताना तुला स्वतःला जाणवेल गं, गाऊन आणि कातडी किती ओढली गेली होती ते. माझ्या एका ज्युनिअरने पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती म्हणाली, सिस्टर, पेशंटने श्वास सोडला. खरंच सोडला होता.

आता एवढं करूनही रात्रीत दोनदा वर घ्यावं लागेल, ते कसं घ्यायचं ते नीट सांगते कारण इथेच तुझी कंबर आहे.

स्लाइड शीट मागून घे. ती एक बारीक गुळगुळीत नायलॉनची नळीसारखी शिवलेली चादर असते, आतली बाजू आतल्या बाजूवर घसरते, म्हणून पेशंट त्यावर उचलावा लागत नाही, सरकतो. स्टोअरला नसेल तर सर्जिकलच्या दुकानात मिळते. आमच्याकडे पहिली काही वर्षं ती नव्हतीच, तेव्हा आम्ही पॅराशूटचं म्हणतात ना ते गुळगुळीत कापड आणून टेलरकडून नळी शिवून घेतली होती, गुळगुळीत बाजू आत, खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल एवढी. तात्पुरतं चाललं. प्रत्येक पेशंटला वेगळी ठेवायची, घेण्याआधी शिवण उसवली नाही ना बघायचं, आणि तिच्यावर उघडी कातडी कधी ठेवायची नाही, मधे ड्रॉ शीट हवीच.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी जी सरकारी हॉस्पिटलं आहेत, त्यांनी ठरवून दिलंय की बेडमधे वर घेताना पेशंटची थोडीफार मदत होत असेल आणि वजन ९० किलोच्या आत असेल तर अशी घसरती चादर आणि दोन ते तीन माणसं, ९० च्या वर कमीत कमी तीन. काका ८४ आणि डाव्या पायाने थोडं ढकलू शकतील, म्हणजे स्लाइड शीट असेल तर तू आणि मावशी ठीक, स्लाइड शीट नसेल तर तिसऱ्याला हाक मारायचीच, मामा येईपर्यंत पाच मिनिटं काका खाली राहिले तर काही बिघडत नाही.

करायचं असं. आधी बेडचे ब्रेक, मी ब्रेक न लावलेला बेड मधेच सरकून सिस्टर पडलेली पाहिलीय. फीड होऊन अर्धा-एक तास झालेला असावा, चालू असेल तर बंद कर, आणि मग डोकं सपाट कर, कारण चढावर वर ओढणं म्हणजे विनाकारण दुप्पट कष्ट. सपाट झोपल्यावर धाप लागत असेल किंवा डॉक्टरांनी मेंदूच्या सुजेमुळे सपाट करू नका म्हटलं असेल तर तेवढं सांभाळून, जेवढं चालेल तेवढंच खाली. कॅथेटरची पिशवी आणि राइल्सची नळी कुठे अडकणार नाही ना बघ. उशी काढून डोक्याकडच्या फळीला उभी लाव, जोरात वर गेले तर डोकं आपटणार नाही.

बेडची उंची तुझ्या कमरेच्या हाडापर्यंत आण. हाय-लो बेड असेल तर ते हँडल गंजून घट्ट झालेलं असतं म्हणून कुणी फिरवत नाही हे मला माहितीय, मेंटेनन्सला सांगून त्याला तेल घालून घे, हे अगदी खरंच सांगते. बेड फिक्स उंचीचा असेल तर एक गुडघा गादीच्या कडेवर टेकव, त्याने तू काकांच्या जवळ जातेस आणि कंबर बरीच कमी वाकते. चप्पल काढून टेकव आणि खाली स्वच्छ टॉवेल घाल म्हणजे इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टरना पण बोलायला जागा नाही.

स्लाइड शीट घालायला काकांना दोन वेळा कूस वळवायची गरज नाही. तिची चटईसारखी आडव्या घड्यांची पट्टी कर, उशीच्या जागी मानेखाली, ड्रॉ शीटच्या खालून सरकव, आणि मग तुम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून एक-एक घडी खाली खाली ओढत या, हाताची पाठ गादीकडे दाबून, म्हणजे काकांचं अंग न उचलता चादर खाली उलगडत जाते. मांड्यांपर्यंत आली की थांबा. टाचेपर्यंत नको, कारण आता काकांकडून काम करून घ्यायचंय.

हो, काकांकडून. उजवी बाजू गेलीय, डावी शाबूत आहे ना? त्यांचा डावा गुडघा दुमडून पाऊल गादीवर सपाट ठेव, ते घसरू नये म्हणून मावशीने एक तळवा त्या पावलापुढे ठेवावा, हात दोन्ही छातीवर, उजवा हात डाव्याने धरलेला, हनुवटी छातीकडे. उजवी बाजू गेली की कित्येकांना बोलणं कळतही नाही, म्हणून नुसतं "काका, ढकला" म्हणून उपयोग नाही, गुडघ्यावर दोनदा थोपट आणि त्या पावलावर दाब देऊन दाखव, तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यांना बरोबर कळतं. काही जण तर पहिल्या रात्रीच ढकलतात, आणि आपण त्यांना कधी विचारलंच नव्हतं याचं वाईट वाटतं. उजव्या टाचेखाली छोटं गुळगुळीत कापड घाल, नाहीतर सगळं अंग वर जातं आणि ती टाच घासत मागे येते.

मग तुम्ही दोघी, काकांच्या दोन बाजूंना, तोंड एकमेकींकडे न करता तिरकं डोक्याकडच्या फळीकडे करा. डोक्याकडचं पाऊल पुढे, बोटं फळीच्या दिशेला, दुसरं मागे, चांगलं अंतर ठेवून. ड्रॉ शीट काकांच्या अंगापर्यंत घट्ट गुंडाळा, एक हात खांद्याशी, एक कंबरेशी, तळवे वरच्या बाजूला, कोपरं आपल्या बरगड्यांना चिकटलेली. हाताने ओढायचं नाही, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाकायचं, हात नुसते हुकासारखे. एक, दोन, तीन, आणि तीनला सरकव. एका दमात वर न नेता दोन-तीन छोट्या टप्प्यांत. सरकवताना काकांचं अंग गादीवरून वर उचललं जात असेल तर तुम्ही चुकताय, सरकवायचं असतं, उचलायचं नसतं. आणि एवढं करून चादर जड लागली तर थांब, काहीतरी अडकलंय, बहुतेक ड्रॉ शीटचं टोक गादीखाली खोचलेलं राहतं.

कंबर जोडावर आली की स्लाइड शीट काढून घ्यायची, खालच्या थराचं टोक आत दुमडून हळूच तिरकं ओढत. ती अंगाखाली राहिली तर दहा मिनिटांत काका परत खाली किंवा थेट जमिनीवर. दोन्ही बाजूंचे कठडे वर असल्याशिवाय ती घालून बाजूला जायचं नाही.

आता पोझिशनचं. तुझ्या चार्टवर डावी, सरळ, उजवी, सरळ असं असेल ना? म्हणजे निम्मा वेळ ते माकडहाडावरच. फोड बरा होईपर्यंत सरळ पाठीवर ठेवूच नको, डावी आणि उजवीच, फीडसुद्धा तिरक्या कुशीत डोकं ३० वर ठेवून देता येतं. पण कूस म्हणजे ९० अंश नाही गं, पूर्ण कुशीवर टाकलं की सगळा भार मांडीच्या वरच्या बाहेरच्या हाडावर येतो आणि तिथे नवीन फोड. ३० अंश तिरकं, पाठीमागे खांद्यापासून कंबरेपर्यंत लांब उशी, गुडघ्यांमधे उशी, आणि उजव्या कुशीला असतील तेव्हा उजवा खांदा हलकेच थोडा पुढे काढायचा, अंगाखाली चिरडू द्यायचा नाही. झालं की हात माकडहाडाखाली सरकवून बघ, हात सहज गेला तर ती जागा सुटलीय, अडकला तर उशी परत लाव. हीच खरी परीक्षा, चार्टवरची टिकमार्क नाही. टाचांना पोटरीखाली लांबीला उशी घालून अधांतरी ठेव.

ते रबरी रिंग, आणि ग्लोव्हजमधे पाणी भरून टाचेखाली ठेवणं, दोन्ही काढून टाक. रिंग कडेच्या कातडीचा रक्तपुरवठा बंद करते आणि मधला भाग सुजतो, पाण्याचे ग्लोव्हज दाबाला काही उपयोगाचे नाहीत. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट-पावडर लावून चोळणं पण बंद, आपल्याला ट्रेनिंगला बॅक केअर म्हणून शिकवलंय ते मला माहितीय, मीही अनेक वर्षं चोळलं, पण खालच्या रक्तवाहिन्या आधीच नाजूक झालेल्या असतात, चोळल्याने त्या फुटतात. एअर मॅट्रेस असेल तर तिच्यावर एकच चादर, मॅकिन्टॉश, ड्रॉ शीट, घडीचं ब्लँकेट असे थर टाकले की तिचा काही फायदाच उरत नाही, आणि पंपावर काकांचं वजन लावलंय ना बघ. माकडहाडाच्या बरोबर खाली मॅट्रेसच्या खालून हात घाल, काकांचं हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे.

फोडाबद्दल. आत पारदर्शक पाणी असेल आणि आजूबाजूची कातडी नेहमीसारखी असेल तर ती दुसरी स्टेज, फोडू नको, सलाइनने साफ, वर फोम ड्रेसिंग, तारीख आणि लांबी-रुंदी सेंमीमधे लिही. पण आत रक्त असेल, किंवा कडा जांभळ्या-काळसर, हाताला आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा पिठासारखी मऊ लागत असेल तर आतलं मांस मेलेलं असू शकतं, वरून लहान दिसतं आणि चार दिवसांत खड्डा पडतो, तेव्हा डॉक्टरांना त्याच शिफ्टला दाखव. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून डोळ्यापेक्षा हातावर भरवसा ठेव, रोज एकदा दोन्ही टाचा आणि कंबर उलट्या हाताने चाचपून बघत जा. उजेडात दिसलं तर बोटाने तीन सेकंद दाब, सोडल्यावर पांढरं न होता तसंच लाल राहिलं तर ती पहिली स्टेज, म्हणजे फोडाच्या आधीची पायरी, आणि तिथे थांबवता येतं.

आणि तू. बेल्ट लावून ओढतेस ना, तो बेल्ट दुखापत रोखतो असा पुरावा नाही, नायॉशने १९९४ मध्येच तसं म्हटलंय, उलट बेल्ट आहे म्हणून आपण जास्त वजन ओढायला जातो. दोन-तीन आठवडे तू पेशंट ओढायचा नाहीस, वर सांगितलेलं सरकवणंही तोवर तुझ्या जागी दुसरं कुणीतरी करेल, हे मॅडमना तोंडी नाही लेखी सांग, औषधं, फीड, ड्रेसिंग कर, चालत राहा, घरी झोपून राहू नको, झोपून राहिल्याने कंबर आणखी आखडते. कळ पायात गुडघ्याच्या खाली उतरत असेल तर ऑर्थोला लवकर दाखव. आणि लघवी अडकायला लागली किंवा कळतच नाही, बसायच्या जागी किंवा मांड्यांच्या आतून बधिर वाटलं, पाऊल उचलता येईनासं झालं, तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी, ड्युटी संपायची वाट बघायची नाही.

मॅडमशी बोलताना भांडू नको, कागद घेऊन जा. इन्सिडंट रजिस्टरला दोन वेगळ्या नोंदी कर, तुझ्या कंबरेची एक आणि काकांच्या फोडाची एक, दोन्हीत तारीख, वेळ, पेशंटचं वजन, किती माणसं होती, बेडचा कोन किती होता, कोणती चादर वापरली. परवाची नोंद राहिली असेल तर आजच्या तारखेने "परवा झालं" म्हणून लिही. मी माझ्या कंबरेची नोंद केली नव्हती, ज्या हॉस्पिटलात झालं तिथे चार महिन्यांनी रजा मागितली तर म्हणाले हे ड्युटीवर झालं याला पुरावा काय. तुमचं हॉस्पिटल एनएबीएचचं असेल किंवा तयारीत असेल तर भरती झाल्यावर आलेले बेडसोर दर १००० पेशंट-दिवसांमागे मोजून दाखवावे लागतात, त्यामुळे स्लाइड शीटची मागणी तू "माझी कंबर दुखते" म्हणून करण्यापेक्षा काकांच्या फोडाच्या नोंदीला जोडून कर, ती फाइल वर जाते.

काकांच्या मुलाला पण एकदा बेडपाशी उभं करून हे सगळं दाखव, खास करून काखेत हात का नाही ते. घरी गेल्यावर तोच करणारे, आणि त्याचीही कंबर आहे. मला पुढच्या आठवड्यात लिही, चिकटपट्टी लावल्यावर रात्रीत किती वेळा वर घ्यावं लागलं आणि फोड किती सेंमीचा राहिला ते.